दोषांचा पॅरेटो आणि कारणांचा पॅरेटो: शीर्षक एकाचं, आकडे दुसऱ्याचे

रबाळे असो की वागळे इस्टेट, महिन्याच्या क्वालिटी रिव्ह्यूत 'रिजेक्शनची प्रमुख कारणे' अशी पॅरेटोची स्लाइड येतेच. खाली नावं काय, तर शॉर्ट शॉट, फ्लॅश, सिल्व्हर स्ट्रीक. अहो, ही कारणं नाहीत, हे दोष आहेत!

चार्ट काढायची पद्धत दोन्हींत एकच: मोठ्यापासून लहानाकडे उभे बार, वर टक्क्यांच्या बेरजेची रेघ, 'इतर' कायम शेवटी. ते सगळ्यांना येतं. फरक मोजणीत आहे. दोषांचा पॅरेटो रिजेक्शन शीटवरून तासाभरात होतो, कारण पीस बघूनच दोष कळतो. कारण मात्र पिसावर लिहिलेलं नसतं.

नायलॉनचे पार्ट काढणारं एक मोल्डिंग मशीन घेऊ. समजा, 200 पीस रिजेक्ट झाले: शॉर्ट शॉट 84, फ्लॅश 52, सिल्व्हर स्ट्रीक 34, काळे ठिपके 18, इतर 12. स्लाइड बघून साहेब म्हणणार, आधी शॉर्ट शॉट घ्या. पण शॉर्ट शॉट, म्हणजे साचा पुरता न भरणं, ही एक गोष्टच नव्हे. शोध घेतल्यावर त्यातले 36 साच्याचे व्हेंट तुंबल्यामुळे निघाले, 30 स्क्रूची चेक रिंग झिजल्यामुळे, 18 बॅरलचं तापमान कमी पडल्यामुळे. सर्वांत उंच बारचे असे तीन तुकडे झाले.

फ्लॅश आणि स्ट्रीकचं नेमकं उलटं. नायलॉन हवेतला ओलावा शोषतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. ओल्या दाण्यातल्या पाण्याची बॅरलमध्ये वाफ होते, तिच्या पिसावर चंदेरी रेघा उमटतात, म्हणजे सिल्व्हर स्ट्रीक. तोच ओला माल वितळल्यावर जास्त पातळ होतो आणि साच्याच्या जोडातून बाहेर पडतो, म्हणजे फ्लॅश. त्या 52 मधले 44 आणि 34 मधले 30 ओल्या मालाचे निघाले, तर एकूण 74. कारणांच्या पॅरेटोत पहिला बार दाणे वाळवणाऱ्या ड्रायरचा. दोषांच्या स्लाइडवर ड्रायरचं नावही नव्हतं.

हे 74 अंदाजाने लिहायचे नसतात. मीटिंगमध्ये हात वर करून ठरवलेल्या कारणांचा पॅरेटो मला चालत नाही. साचा आणि सेटिंग न बदलता नीट वाळवलेला माल चालवायचा. रेघा आणि फ्लॅश दोन्ही गेले, तर कारण ओलावाच. फ्लॅश तसाच राहिला, तर क्लॅम्पचा दाब आणि साच्याची झिज बघायची. ड्रायरचा पारा कोणत्या शिफ्टला उतरला, तेही त्या शिफ्टच्या रिजेक्शनशी ताडून बघायचं.

रेघ 80 टक्क्यांवरच वळली पाहिजे म्हणून दोन बार एकत्र करणारे असतात, तो वेगळाच ताप. स्लाइड दोषांची असेल तर शीर्षकात 'दोष' लिहा, आणि शेजारी 'कारणांचा शोध चालू' म्हणा. रिव्ह्यूत तेवढं पुरतं.