बदली एकाची, नोकरी दुसऱ्याची जाते : थोडी पार्श्वभूमी

कमावत्याच्या मागोमाग बिऱ्हाड हलायचं, ही रीत जुनीच. इंग्रजी कायद्यात तर 1973 अखेरपर्यंत पत्नीचं कायदेशीर वास्तव्य पतीच्याच ठिकाणी धरलं जाई. दोघंही कमावू लागल्यावर मात्र प्रश्न पडला की कोणाच्या नोकरीसाठी कोणाची सोडायची.

1978 मध्ये एका अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने याचं सरळ गणित मांडलं. दोघांच्या नफ्यातोट्याची बेरीज वाढत असेल तर कुटुंबाने हलावं. समजा, एकाचा पगार 100 आणि दुसऱ्याचा 80 आहे. नव्या गावी पहिल्याला 150 मिळतात, दुसऱ्याला जेमतेम 40. एकूण 180 चे 190 झाले, म्हणजे हलणं फायद्याचं. दुसऱ्याचे 40 बुडाले, पण पहिल्याच्या वाढीव 50 मधून ते भरून देता येतात.

सगळा वाद या ‘भरून देता येतात’वर आहे. देता येतात, पण देतं कोण? घरखर्च एका डब्यातून होतो, म्हणून भरपाई झाल्यासारखी वाटते. बढती, अनुभव, भविष्य निर्वाह निधी आणि ओळखीपाळखी मात्र एकाच्याच खाती जमा होतात.

खरी मेख पुढच्या बदलीला कळते. वरच्या जोडीतल्या दुसऱ्याने काही वर्षांत ते 40 ही सोडले, असं धरू. आता पहिल्याला आणखी लांबून 180 चं बोलावणं आलं, तर तुलना 150 आणि 180 एवढीच उरते. दुसऱ्याची बाजू शून्य, त्यामुळे चर्चा व्हायच्या आधीच निकाल लागलेला असतो. पहिल्या वेळी दोघांनी विचार करून ठरवलं होतं. नंतरचे निर्णय त्या एकाच निर्णयाने ठरवून टाकले. शिवाय घरात कोणाचा शब्द चालतो, हे पुष्कळदा ‘उद्या वेगळं झालो तर कोणाचं काय अडेल’ यावर ठरतं. नोकरी सोडणाऱ्याची ती बाजू दर वर्षी लंगडी होत जाते. अर्थशास्त्रात हे नीट मांडायला पुढची पंचवीसेक वर्षं गेली. घरात ते फार आधी जाणवतं : खर्चाला पैसे ‘मागावे’ लागतात, आणि ‘तूच तर हो म्हणालास’ किंवा ‘म्हणालीस’ हे वाक्य भांडणात येऊ लागतं.

‘या वेळी तुझं, पुढच्या वेळी माझं’ हा करारही बहुधा याच गणितात अडकतो. पाळी येते तेव्हा ज्याची पाळी आहे त्याच्याकडे बोलावणंच नसतं. त्यापेक्षा हलण्याआधीच पगारवाढीतला ठरावीक हिस्सा दर महिन्याला नोकरी सोडणाऱ्याच्या स्वतःच्या खात्यात आणि निवृत्तीच्या गुंतवणुकीत टाकायचं ठरवणं बरं. करिअर त्याने परत येत नाही, पण निदान भरपाई कागदावर येते.

मोठ्या कंपन्या बदलीच्या वेळी सामानाचा आणि घरभाड्याचा खर्च देतात. काही ठिकाणी जोडीदाराला नोकरी शोधायला मदतही मिळते. 2020 नंतर घरून काम वाढल्याने संगणकावर चालणाऱ्या अनेक नोकऱ्या गाव बदलूनही टिकल्या. परिचारिका, शिक्षक, वकील यांना ती सोय फारशी नाही. देश बदलला तर पुन्हा नोंदणी किंवा परीक्षा द्यावी लागू शकते, आणि अवलंबितांच्या व्हिसावर काम करायची मुभा नसेल तर परवाना हाती असूनही घरीच बसावं लागतं.