वसुली करणाऱ्यानेच जमा लिहू नये: घाऊक व्यापारी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे हिशेब असलेल्या बऱ्याच घाऊक व्यापाऱ्यांकडे एकच विश्वासू माणूस सकाळी दुकानादुकानांतून उधारी वसूल करतो आणि संध्याकाळी तीच वसुली टॅलीत चढवतो. मालक रात्री गल्ला मोजतात, तो रोजमेळाशी जुळतो आणि ते निश्चिंत होतात. या निश्चिंतीतच धोका असतो, कारण गल्ला ज्या वहीशी जुळवला, ती वही त्याच माणसाने लिहिलेली असते. जी रक्कम वहीत आलीच नाही, ती गल्ला मोजून कधीच कमी दिसणार नाही.

हे कसे घडते ते आमच्या एका ग्राहकाकडे पाहिलेल्या प्रकारावरून सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि समजायला सोपे जावे म्हणून आकडे पूर्ण केले आहेत.

सोमवारी पेठेतल्या किराणा दुकानदाराने १८,००० रुपये रोख दिले. वसुलीवाल्याने त्याच्या बिलावर "रोख मिळाले" लिहून सही केली, पैसे स्वतःकडे ठेवले आणि टॅलीत काहीच लिहिले नाही. बुधवारी एसटी स्टँडजवळच्या दुकानाने २२,००० दिले. ते सगळे गल्ल्यात आले, पण नोंद अशी झाली: पेठेतल्या दुकानाच्या खात्यावर १८,००० जमा आणि स्टँडच्या दुकानाच्या खात्यावर फक्त ४,०००. बेरीज २२,०००, गल्ल्यातही २२,०००. शनिवारी बाजारतळावरच्या दुकानाने २५,००० दिले. त्यातले १८,००० स्टँडच्या खात्यावर गेले आणि उरलेले ७,००० बाजारतळाच्या. म्हणजे आठवडाअखेर पहिल्या दोन्ही पार्ट्यांची खाती बरोबर झाली आणि १८,००० चे भोक तिसरीच्या खात्यावर जाऊन बसले. पुढच्या आठवड्यात ते चौथीकडे सरकणार.

मधल्या काळात मालकांनी रोज गल्ला मोजला होता आणि तो रोज जुळला होता. बँकेतला भरणाही बरोबर होता. हे भोक मात्र एका जागी राहत नाही आणि लहानही राहत नाही. एकदा जमले की माणूस पुन्हा उचलतो, आणि मग कोणाचे पैसे कोणाच्या खात्यावर टाकले हे लक्षात ठेवायला त्याला वेगळी चिठ्ठी ठेवावी लागते. म्हणूनच असा माणूस सुट्टी घेत नाही. ताप असला तरी येतो, आपले काम दुसऱ्याच्या हाती देत नाही. आमच्या या ग्राहकाने ते निष्ठेचे लक्षण मानले होते. शेवटी घरच्या लग्नासाठी त्याला आठ दिवस जावेच लागले, मालकांचा पुतण्या वसुलीला गेला, आणि दुसऱ्याच दुकानात ऐकायला मिळाले, "अहो, मी तर गेल्या सोमवारीच दिले. ही बघा सही."

कागदावर याच्या खुणा आधीच दिसतात, फक्त कुठे पाहायचे ते माहीत हवे. नेहमी वेळेवर देणाऱ्या पार्टीची जुनी बिले अचानक चार-सहा दिवस उशिरा फिटू लागतात. २२,००० चे बिल एकरकमी देणाऱ्याच्या खात्यावर ४,००० आणि १८,००० असे तुकडे दिसतात. आणि सर्वांत पक्की खूण म्हणजे तारीख: दुकानदाराकडच्या सहीची तारीख सोमवार आणि आपल्या खात्यातली जमा बुधवार. महिन्यातून एकदा बिलवार येणे यादी काढून मालकांनी स्वतः दहा पार्ट्या निवडाव्यात आणि त्यांना खातेउतारा स्वतःच्या फोनवरून पाठवावा. वसुलीवाल्याच्या हाती पाठवलेला उतारा उपयोगाचा नाही, कारण तो दुकानदाराला दाखवायचा की नाही हे तोच ठरवणार.

आता बंदोबस्त. तत्त्व एवढेच की पैसे हाती घेणारा, जमा लिहिणारा आणि दोन्ही जुळवून पाहणारा ही तीन वेगळी माणसे असावीत. लहान पेढीत तीन माणसे कुठून आणायची, हा प्रश्न रास्त आहे. पण तिसरे माणूस तुम्हीच आहात, आणि हे काम दिवसाला साधारण पंधरा मिनिटांचे आहे.

बिलावर सही करून पैसे घेण्याची पद्धत आजच बंद करा. छापील क्रमांकाची पावतीपुस्तके घ्या, ती तुमच्या कपाटात ठेवा आणि कोणते पुस्तक कोणाला कधी दिले ते एका वहीत लिहा. संध्याकाळी वसुलीवाला रोकड आणि पावत्यांच्या स्थळप्रती तुमच्याकडे देईल. तुम्ही नोटा मोजा, नोटांचा तपशील लिहा, बेरीज स्थळप्रतींशी जुळवा आणि शेवटच्या स्थळप्रतीवर सही करा. क्रमांक सलग आहेत ना ते पाहा, कारण रद्द पावतीच्याही दोन्ही प्रती पुस्तकात असायला हव्यात. मग हिशेब लिहिणाऱ्याकडे फक्त स्थळप्रती जातील, रोकड नाही. तो प्रत्येक पावती तिच्या क्रमांकाने आणि तिच्यावरच्या तारखेने वेगळी चढवेल. रोकड दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी बँकेत जाईल. हमाली, चहा, डिझेल यांचा खर्च वसुलीतून करू नका, त्यासाठी किरकोळ खर्चाची पेटी वेगळी ठेवा. असे केले तर स्थळप्रतींची बेरीज, टॅलीतली जमा आणि बँकेची भरणा पावती हे तीन आकडे एकच यायला हवेत. एकही वेगळा आला तर त्याच दिवशी विचारता येते.

हे सारे करूनही एक दार उघडे राहते: कसर-वटाव आणि मालपरती. खाल्लेली रक्कम पार्टीपार्टीत फिरवत बसण्यापेक्षा ती "कसर" म्हणून किंवा खोट्या मालपरतीने खात्यातून उडवणे सोपे असते, आणि त्यानंतर पार्टीचा उताराही बरोबर दिसतो. म्हणून या नोंदी तुमच्या लेखी मंजुरीशिवाय होऊ देऊ नका आणि महिनाअखेर कसर-वटाव खाते ओळ न् ओळ वाचा. टॅलीत प्रत्येकाला वेगळा पासवर्ड द्या आणि मागील तारखेची नोंद बदलण्याचा अधिकार फक्त स्वतःकडे ठेवा. तुमचा व्यवसाय कंपनी म्हणून नोंदलेला असेल, तर केलेल्या बदलांची नोंद ठेवणारेच हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरणे १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक आहे.

यूपीआयने रोकड कमी झाली आहे, पण दुकानदाराने पैसे कोणाच्या क्रमांकावर पाठवले हे पाहायलाच हवे. पेढीच्या चालू खात्याचा क्यूआर प्रत्येक बिलावर छापा आणि "अन्य कोणत्याही क्रमांकावर दिलेली रक्कम जमा धरली जाणार नाही" ही ओळ मराठीत ठळक घाला.

वसुलीवाला आणि हिशेब लिहिणारा संगनमताने वागले तर ही वाटणी अपुरी पडते. दोघे एकाच घरातले असतील तर ती कागदावरचीच समजा. अशा ठिकाणी पार्ट्यांना थेट उतारा पाठवणे आणि दोघांनाही वर्षातून सलग आठ दिवस सक्तीची सुट्टी देऊन त्यांचे काम दुसऱ्याकडे सोपवणे, हे दोनच उपाय आम्हाला भरवशाचे वाटतात.

"माझ्यावर विश्वास नाही का?" हा प्रश्न जुना माणूस विचारणारच, आणि त्याला उत्तर देणे तुमचे काम आहे. त्याला सांगा की आज कुठे तूट आली तर संशय घ्यायला तोच एकटा आहे. स्थळप्रतीवर तुमची सही असली, तर पैसे पोचवल्याचा पुरावा त्याच्या बाजूने राहतो.

पुढील तिमाहीच्या हिशेबाला येताना पावतीपुस्तकांची वही, वापरलेल्या सर्व स्थळप्रती आणि कसर-वटाव खात्याचा उतारा सोबत आणावा. पहिल्या वेळी दहा पार्ट्यांची जुळणी आम्ही तुमच्यासमोर बसून करून दाखवू.