अनिर्णायक अभिप्राय (अंगुलीमुद्राशास्त्र)

अनिर्णायक अभिप्राय म्हणजे तपासणीसाठी आलेला ठसा इतका अस्पष्ट किंवा अपुरा असणे, की ठरलेल्या कसोट्यांवर तो संशयिताच्या ठशाशी जुळतो असेही म्हणता येत नाही आणि जुळत नाही असेही म्हणता येत नाही, अशा वेळी तज्ज्ञाने लेखी दिलेले मत. हे मत म्हणजे उत्तर टाळणे नव्हे, कारण तुलना झाली, तिच्यातून निष्कर्षाला पुरेसा आधार मिळाला नाही आणि तो का मिळाला नाही, एवढे त्यात सांगितलेले असते. ‘तुलनेस अयोग्य’ हा शेरा याहून वेगळा आहे. तो तुलना सुरू होण्याआधीच, केवळ घटनास्थळावरचा ठसा पाहून दिला जातो. घटनास्थळी सापडलेल्या ठशाला पोलीस ठाण्यांत ‘चान्स प्रिंट’ म्हणतात, आणि तेथल्या बोलण्यात ‘चान्स प्रिंट बाद झाली’ या एकाच वाक्यात दोन्ही गोष्टी येतात. त्यामुळे अनेक गैरसमज होतात.

कल्पनेचा उगम. होय आणि नाही यांच्या जोडीला ‘ठरवता येत नाही’ हे तिसरे उत्तर अधिकृतपणे देण्याची पद्धत रोमन न्यायव्यवस्थेतून आली, असे सामान्यतः मानले जाते. तेथील शब्दप्रयोग ‘नॉन लिकेत’ असा होता व त्याचा अर्थ ‘मला उलगडत नाही’ असा होतो. न्यायमंडळातील सदस्याला मेणाच्या तीन पाट्या मिळत, त्यांपैकी एकीवर या शब्दांची आद्याक्षरे असत, असे वर्णन उत्तरकालीन टीकाकारांच्या आधारे पूर्वीच्या कोशांनी दिले आहे. परंतु इ. स. पू. १२३-१२२ च्या सुमाराच्या, खंडणीखोर अधिकाऱ्यांविषयीच्या कायद्याचा जो कोरीव मजकूर तुटक अवस्थेत उपलब्ध आहे, त्यात मतदानाच्या पाटीवर निर्दोष व दोषी अशी दोनच अक्षरे असून सदस्याने त्यांतील एक पुसावे असे सांगितले आहे. प्रकरण उलगडले नाही असे म्हणण्याची सोय त्या मजकुरात मतदानाच्या आधी येते, आणि असे म्हणणारे एक तृतीयांशाहून अधिक असल्यास सुनावणी पुन्हा घ्यावी असा त्याचा रोख दिसतो. तीच सबब वारंवार सांगणाऱ्यास दंडही होता. हा पुरावा समकालीन असल्याने त्याला अधिक वजन द्यावे लागते. म्हणजे निदान या कायद्याच्या काळात तरी ‘नॉन लिकेत’ हा निकाल नसून पुराव्याच्या अपुरेपणाविषयी आधी केलेले निवेदन असावे.

या संदर्भात ऑलस गेलियस या लेखकाने (इ. स. दुसरे शतक) नोंदवलेला स्वतःचा अनुभव नेहमी उद्धृत केला जातो. तो न्यायाधीश असताना एका सचोटीच्या माणसाने उसने दिलेल्या पैशांचा दावा आणला, पण लेखी पुरावा नव्हता आणि साक्षीदारही नव्हता. प्रतिवादी मात्र लबाड म्हणून प्रसिद्ध होता. माणसांच्या लौकिकावरून निकाल द्यावा असा सल्ला गेलियसला मिळाला. त्याने तो मानला नाही, प्रकरण आपल्याला उलगडत नाही अशी शपथ घेतली आणि त्या निवाड्यातून मोकळा झाला. समोर ठेवलेल्या सामग्रीबाहेरच्या माहितीने त्या सामग्रीतली उणीव भरून काढायची की नाही, हा प्रश्न ठसेतज्ज्ञापुढे आजही नेमका याच रूपात येतो.

न्यायदर्शनातील ‘संशय’ या पदार्थाशी या कल्पनेचे नाते जोडण्याचा मोह भारतीय लेखकांना होतो. न्यायसूत्रांत संशय ही विशेषाची अपेक्षा असलेली विचाराची अवस्था आहे आणि ‘निर्णय’ हा तिच्या पुढचा टप्पा आहे. संशयावरच थांबून तेच उत्तर म्हणून नोंदवावे असे तेथे अभिप्रेत दिसत नाही. म्हणून साम्य मान्य करूनही उगम तेथे शोधणे योग्य वाटत नाही.

अंगुलीमुद्रांच्या क्षेत्रात ही कल्पना फ्रेंच गुन्हेशास्त्रज्ञ एदमाँ लोकार याच्या त्रिस्तरीय नियमातून आली. या नियमाचे साल काही ठिकाणी १९१४ तर काही ठिकाणी १९१८ असे दिलेले आढळते. तो या काळात हळूहळू सिद्ध झाला असे धरणे सुरक्षित आहे. ठसा स्पष्ट असून बारापेक्षा अधिक रेषाखुणा जुळत असतील तर ओळख निश्चित मानावी. आठ ते बारा खुणा जुळत असतील तर प्रकरण सीमेवरचे असते, आणि निश्चिती ठशाच्या स्पष्टतेवर, रेषांच्या नमुन्याच्या दुर्मीळपणावर, केंद्र व त्रिभुज दिसतात की नाही यावर आणि दोन जाणकारांच्या एकमतावर अवलंबून राहते. याहून कमी खुणांवर निश्चिती देता येत नाही, केवळ कमीअधिक बळाचे अनुमान करता येते. रेषाखूण म्हणजे बोटावरची उंचवट्याची रेषा जेथे संपते किंवा दुभंगते ती जागा; केंद्र म्हणजे रेषांच्या नमुन्याचा मध्य, तर त्रिभुज म्हणजे तीन बाजूंनी येणाऱ्या रेषा जेथे मिळतात ती जागा. लोकारचा नियम पुढे बहुतेक ठिकाणी केवळ ‘बारा खुणा’ एवढाच लक्षात राहिला आणि त्यातला स्पष्टतेचा भाग मागे पडला, ही खेदाची गोष्ट आहे. इंग्लंड व वेल्समध्ये दीर्घकाळ सोळा खुणांचा दंडक होता, तो २००१ मध्ये सोडण्यात आला. किमान खुणांची संख्या आधीच ठरवून देण्यास शास्त्रीय आधार नाही, असा ठराव १९९५ मध्ये इस्राएलमधील नऊरिम येथे भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीने केला होता. संख्येचा दंडक गेला की ‘ठरवता येत नाही’ या उत्तराची सीमाही तज्ज्ञाच्या विवेकावर येते.

कार्यपद्धती. परीक्षणाचे विश्लेषण, तुलना, मूल्यमापन व पडताळणी असे चार टप्पे असतात. अनिर्णायक अभिप्रायाची विश्वासार्हता पहिल्या टप्प्यात ठरते. या टप्प्यावर तज्ज्ञाने केवळ घटनास्थळावरचा ठसा पाहायचा असतो आणि त्यात कोणत्या खुणा निश्चित दिसतात, कोणत्या संशयास्पद आहेत व कोणता भाग घसरलेला आहे हे संशयिताची सर्च स्लिप, म्हणजे त्याच्या बोटांचे ठसे घेतलेला कागद, उघडण्यापूर्वी लिहून ठेवायचे असते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. नागपुरात धंतोली भागातील एका बंद घरात मे महिन्यात चोरी होते आणि आठ दिवसांनी घरमालक गावाहून परतल्यावर ती उघडकीस येते. लोखंडी कपाटाच्या रंगीत दारावर पावडर मारल्यावर एक ठसा उमटतो. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत घामाचा अंश सुकलेला असल्यामुळे पावडर नीट धरत नाही, म्हणून रेषा तुटक दिसतात. छायाचित्रात सुमारे बारा मिलिमीटर लांब व सात मिलिमीटर रुंद भाग वाचता येतो. त्याच्या उजव्या अर्ध्यात पाच खुणा निःशंक आहेत. डाव्या अर्ध्यात बोट सरकल्याने रेषा दुहेरी झाल्या आहेत आणि तेथे आणखी दोन खुणा असाव्यात असे वाटते. केंद्र किंवा त्रिभुज दिसत नाही, त्यामुळे ठसा कोणत्या बोटाचा आहे आणि तो कोणत्या दिशेने धरून पाहायचा हेही नक्की नाही. तज्ज्ञ पाच निश्चित व दोन संशयास्पद अशी नोंद करतो.

त्यानंतर ठाणेदारांनी पाठवलेली सर्च स्लिप उघडली जाते. संशयिताच्या उजव्या मधल्या बोटावर त्या पाच खुणा तेवढ्याच रेषांच्या अंतराने सापडतात. दोन संशयास्पद खुणांपैकी एक जुळते. दुसरीच्या जागी संशयिताच्या बोटावर रेषा अखंड जाते. मोह येतो तो येथे. जुळलेली सहावी खूण ‘आता स्पष्ट दिसते’ म्हणून मोजायची आणि न जुळलेली सातवी ‘घसरणीमुळे तसे दिसते’ म्हणून सोडायची, असे केले की ठसा जुळला असे लिहिता येते. याच्या उलट सातवी खूण खरी धरून ठसा त्याचा नाहीच असेही लिहिता येते. पण दोन्ही खुणा एकाच घसरलेल्या भागातल्या आहेत. एकीला एक न्याय आणि दुसरीला दुसरा, असे करता येत नाही. त्या दोन्ही बाजूला ठेवल्या तर पाच खुणा उरतात, आणि केंद्र व दिशा माहीत नसताना पाच खुणांवर ओळख किंवा वगळणे यांपैकी काहीही टिकत नाही. योग्य अभिप्राय अनिर्णायक हाच आहे. खुणा आधी लिहून ठेवल्या नसत्या, तर सहावी खूण कधी ‘दिसू लागली’ हे नंतर कोणालाही, खुद्द त्या तज्ज्ञालाही, सांगता आले नसते.

अभिप्रायात उणीव कोणत्या बाजूची आहे हे सांगणे अगत्याचे असते. वरच्या उदाहरणात ती घटनास्थळाच्या ठशाची आहे आणि ती भरून निघणार नाही. पण घटनास्थळावरचा ठसा बोटाच्या टोकाचा व स्वच्छ असेल, आणि सर्च स्लिपवर शाई लावून बोटे फिरवताना टोके उमटलीच नसतील, तर उणीव नमुन्याची असते. तेव्हा नवे ठसे टोकांसह व कडांसह मागवता येतात आणि अनिर्णायक असलेले प्रकरण एका दिवसात निर्णायक होऊ शकते. विटा, सिमेंट किंवा जिनिंगचे काम करणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यांच्या स्लिपा पहिल्या खेपेस क्वचितच समाधानकारक येतात. अभिप्रायात केवळ ‘मत देता येत नाही’ एवढेच लिहिले, तर तपास अधिकाऱ्याला पुन्हा ठसे घ्यायचे की ती फाईल बाजूला ठेवायची हे कळत नाही.

या शिस्तीचा भंग झाल्याचे सर्वांत चर्चिलेले उदाहरण २००४ चे आहे. माद्रिद येथील रेल्वे बॉम्बस्फोटांनंतर सापडलेल्या पिशवीवरचा एक ठसा अमेरिकेतील ओरेगॉनमधील एका वकिलाचा आहे, असे अमेरिकी केंद्रीय तपाससंस्थेच्या तज्ज्ञांनी ठामपणे सांगितले. स्पॅनिश पोलिसांचे मत वेगळे होते व त्यांनी पुढे तो ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचे दाखवले. नंतरच्या चौकशीत असे नमूद झाले की, संगणकाने ठशांच्या संग्रहातून निवडलेल्या संभाव्य व्यक्तीचा ठसा पाहून झाल्यावर त्यातील वैशिष्ट्ये अस्पष्ट ठशात उलट्या दिशेने ‘वाचली’ गेली होती. संग्रह जितका मोठा, तितका योगायोगाने जवळपास सारखा दिसणारा ठसा हाती येण्याचा संभव अधिक, हे यामागचे एक कारण होते.

अनिर्णायकतेची सीमा तज्ज्ञागणिक बदलते, याला मोजमापाचा आधार २०११ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दिला. त्यात १६९ परीक्षकांना ७४४ जोड्यांच्या संचातून प्रत्येकी सुमारे शंभर जोड्या देण्यात आल्या. चुकीने जुळवल्याचे प्रमाण ०.१ टक्का, तर चुकीने वगळल्याचे ७.५ टक्के निघाले. एखादा ठसा निष्कर्षाला पुरेसा आहे की नाही यावरच परीक्षकांत वारंवार मतभेद झाले. वगळण्यातल्या चुका इतक्या अधिक असणे हे सूचक आहे. जेथे ‘ठरवता येत नाही’ म्हणायचे तेथे ‘हा त्याचा नाही’ असे म्हणण्याकडे कल असावा असा एक अर्थ यातून निघतो, जरी अभ्यासकर्त्यांची मांडणी याहून सावध आहे.

न्यायालयीन स्थान. तज्ज्ञाचे मत पूर्वी भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम ४५ खाली येत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चे कलम ३९ लागू आहे. ही तरतूद मत ग्राह्य ठरवते, ते होकारार्थी असावे असे सांगत नाही. तरीही अंगठ्याच्या ठशाचे शास्त्र अचूक असून त्यात चुकीला वा संशयाला जागा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ च्या जसपालसिंग खटल्यात म्हटल्याचा दाखला दिला जातो, आणि त्यामुळे अनिर्णायक अहवाल अपयशासारखा वाचला जातो. ते विधान स्पष्ट ठशांची तुलना गृहीत धरून वाचणे अधिक सयुक्तिक आहे. अनिर्णायक अहवालाने आरोपी घटनास्थळी होता असे सिद्ध होत नाही व नव्हता असेही सिद्ध होत नाही. बचाव पक्ष त्याला निर्दोषत्वाचा पुरावा म्हणून पुढे करतो, तेव्हा उलटतपासणीत तज्ज्ञाला हा फरक समजावून द्यावा लागतो. तुलनेस अयोग्य ठरलेल्या ठशाची वाट तेथेच संपते, तर अनिर्णायक ठरलेल्या ठशाचे छायाचित्र मोजपट्टीसह राखून ठेवले असेल तर दुसरा संशयित किंवा अधिक चांगली स्लिप पुढे आल्यावर त्याची तुलना पुन्हा करता येते.