पॅरालॅक्समध्ये जमीन कुठे कापायची, हा वाद आला कुठून

आपण हललो की लांबच्या गोष्टी जवळच्यांपेक्षा हळू सरकताना दिसतात, हाच पॅरालॅक्स. रंगवलेले पडदे एकामागे एक उभे करून दृश्याला खोली देणं रंगभूमीवर शतकानुशतकं चालू होतं, पण तिथे प्रेक्षक जागचा हलत नाही. अ‍ॅनिमेशनच्या सिनेमात कॅमेरा पुढे सरकायला लागला आणि घोळ झाला, कारण एकाच चित्रावर कॅमेरा जवळ नेला की झाडाबरोबर मागचा चंद्रही मोठा होतो. म्हणून १९२० आणि १९३० च्या दशकांत चित्र वेगवेगळ्या काचांवर, मध्ये अंतर ठेवून रंगवायला लागले, १९३७ च्या उभ्या कॅमेऱ्यात तर सात थरांपर्यंत सोय होती.

गेममध्ये हे १९८२ च्या सुमारास आलं आणि तिथे काचा नव्हत्या, अंतर फक्त वेगातून दाखवायचं होतं. चारपट लांबची टेकडी पाव वेगाने सरकते, म्हणजे पात्राचा थर फ्रेमला ४ पिक्सेल गेला तर टेकडी १ पिक्सेल. बॅकग्राउंडला हे छान जमतं. अडचण जमिनीची, कारण ती पायापासून क्षितिजापर्यंत सलग असते, ती मिडग्राउंडच्या थरात घ्यायची की बॅकग्राउंडच्या? कुठेही कापली तरी त्या रेषेवर दोन तुकडे एकमेकांवरून घसरताना दिसतात. काही जण कापाच्या रेषेवर झुडपं किंवा कुंपण रंगवून ती झाकायचे, आणि अजूनही झाकतात.

१९८८ नंतरच्या १६ बिट मशीनवर थरातली प्रत्येक आडवी ओळ वेगळ्या वेगाने सहज सरकवता यायला लागली आणि माझ्या मते खरं उत्तर तिथे मिळालं. समजा क्षितिज १२० व्या ओळीवर आहे, पात्राचे पाय २०० व्या ओळीवर आणि तिथली जमीन फ्रेमला ४ पिक्सेल जातेय. सपाट जमिनीचा वेग क्षितिजापासून खाली सरळ प्रमाणात वाढतो, म्हणून १६० व्या ओळीवर २ पिक्सेल, २२० वर ५, आणि क्षितिजावर शून्य. आता कापायची गरजच नाही.

पण यातूनच एक नियम निघतो जो बरेच जण आजही पाळत नाहीत, डोळ्याला बरा वाटेल तो वेग थराला देऊन टाकतात. ज्या झाडाचा बुंधा १६० व्या ओळीवर टेकलाय त्याच्या थराचा वेग २ च हवा, ३ दिला तर झाड जमिनीवरून घसरत जातं. तपासायचं असेल तर बुंध्याशी जमिनीवर एक ठिपका रंगवा आणि सीन चालवा, ठिपका बुंध्यापासून सुटला की वेग चुकला.

या युक्तीला मर्यादा आहेच, ओळी कमीजास्त सरकतात आणि चित्र तिरकं होतं, त्यामुळे आत जाणारी वाट बरोबर वळते पण जमिनीच्याच थरात रंगवलेला उंच दगड एका बाजूला कलंडतो. म्हणून जमिनीच्या थरात फक्त सपाट गोष्टी ठेवायच्या, गवताची छटा, वाट, सावली, आणि ज्याला उंची आहे ते सगळं वेगळ्या थरात.