बॅटरीवरचे ५ आणि चार्जरवरचे ५

‘स्कूटरची बॅटरी ५ अँपिअरची आहे, म्हणून ५ अँपिअरचा चार्जर आणला.’ हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता सविस्तर लिहितोच.

व्होल्टबद्दल सगळ्यांना माहीत असतं. १२ व्होल्टच्या बॅटरीला १२ व्होल्टचा, लेड-ॲसिडसाठीचाच चार्जर. लॅपटॉपचा अडॅप्टर नको. विषय संपला.

गोंधळ अँपिअरचा आहे. बॅटरीवर छापलेले ५ हे अँपिअर नसून अँपिअर-अवर असतात, म्हणजे टाकी केवढी ते. चार्जरवरचे अँपिअर म्हणजे नळाची धार. घरी चार्ज करताना धार टाकीच्या आकड्याच्या दहाव्या भागाएवढी ठेवायची, म्हणजे ५ ला ०.५ अँपिअर. बऱ्याच बॅटऱ्यांच्या अंगावर हा आकडा तासांसकट छापलेला असतो. चार्जर घेण्याआधी तो वाचा.

चूक होते ती मोबाइलच्या सवयीने. मोबाइलला मोठा चार्जर लावला तरी आतलं सर्किट लागेल तेवढाच करंट घेतं. लेड-ॲसिड बॅटरीत असं सर्किट नसतं, शिशाच्या प्लेटा आणि ॲसिड असतं. उतरलेली बॅटरी चार्जर देईल तेवढा करंट ओढते, त्यामुळे लगाम चार्जरकडेच हवा. धार मोठी असेल तर प्लेटा पुरत्या भरायच्या आतच करंट पाणी फोडण्यात जायला लागतो. बॅटरी तापते, हायड्रोजन सुटतो. सीलबंद बॅटरीत गेलेलं पाणी परत घालता येत नाही. म्हणून कारचा ६ अँपिअरचा चार्जर ‘फक्त तासभर’ लावणं मला अजिबात मान्य नाही.

आमची स्कूटर पावसाळ्यात दोन महिने उभी होती. मीटरवर ११.८ व्होल्ट दिसले, म्हणजे बॅटरी पार उतरलेली. आधी काळी वायर, मग लाल वायर सोडून बॅटरी बाहेर काढली आणि खिडकीजवळ ठेवली. चिमटे लावून झाल्यावरच चार्जरचं बटण चालू केलं. ५ भागिले ०.५ म्हणजे १० तास, पण दिलेला सगळा करंट साठत नाही, म्हणून १२ तास धरले. हात लावून पाहिलं तर जेमतेम कोमट. कढत लागली असती किंवा कडेला फुगवटा दिसला असता तर तिथेच बंद केलं असतं.

शेवटी चार्जर सुरू असताना १४.४ व्होल्ट होते. पण त्या आकड्यावरून बॅटरीची पारख होत नाही. चार्जर काढून रात्रभर ठेवली आणि सकाळी मोजलं, तर १२.७. बॅटरी चांगली होती. सकाळी १२.३ दिसले असते तर प्लेटांवर सल्फेट बसलंय असं मी समजलो असतो. आणि तासन्‌तास चार्ज करूनही बॅटरी १०.५ च्या आसपासच अडून राहिली, तर सहापैकी एक सेल गेलेला असतो. मग धार वाढवून काही होत नाही, नवीच घ्यावी लागते.