वापसा पडद्यावर कसा दिसतो

पाणी दिल्यावर जमीन आधी चिकचिकीत होते, मग हळूहळू वापशावर येते. हाताने ढेकूळ दाबून, त्याचा मऊपणा पाहून शेतकरी ते ओळखतो. जमिनीत रोवलेला ओलावा सेन्सर आणि मोबाइलवर दिसणारा डॅशबोर्ड यांना वापसा काय असतो हे ठाऊक नसते. ते आपण शिकवावे लागते. न शिकवता दाखवलेल्या टक्केवारीवर पाणी सोडणे किंवा थांबवणे, दोन्ही धोक्याचे.

बाजारात दोन प्रकारचे सेन्सर मिळतात. दोन उघड्या धातूच्या दांड्यांचा सेन्सर मातीतून जाणारा विद्युतप्रवाह मोजतो. तो सतत चालू ठेवला की ओल्या मातीत दांड्या झिजतात, आणि आकडे दिवसेंदिवस सरकत जातात. शिवाय खत टाकले की क्षारांमुळे प्रवाह वाढतो आणि सेन्सरला ओल वाढल्यासारखी वाटते. शेतासाठी कपॅसिटिव्ह सेन्सर घ्यावा. त्यात धातू लेपाखाली झाकलेला असतो. विद्युतक्षेत्राला प्रतिसाद देण्याची पाण्याची क्षमता सुमारे ८०, तर कोरड्या मातीच्या कणांची ३ ते ५ इतकीच असते. हा मोठा फरक सेन्सर ओळखतो. त्याच्या पट्टीच्या कापलेल्या कडांमधून मात्र पाणी आत शिरते. त्या कडांना आणि वरच्या इलेक्ट्रॉनिक भागाला वार्निश किंवा इपॉक्सी लावून मगच तो जमिनीत घालावा.

सेन्सरचा आकडा वाचून मोबाइलपर्यंत पाठवायला एक छोटा बोर्ड लागतो. नेहमीच्या आर्दुइनो उनो बोर्डात वायफाय नसते. म्हणून वायफाय असलेला ईएसपी३२ बोर्ड घेतात. त्याचा प्रोग्रॅम आर्दुइनोच्याच सॉफ्टवेअरमध्ये लिहिता येतो. सेन्सरची वायर कोणत्या पिनला जोडायची, इथे अनेकजण अडकतात. या बोर्डावर अॅनालॉग पिनांचे दोन गट असतात आणि वायफाय चालू असताना दुसऱ्या गटावरचे वाचन भरवशाचे राहत नाही. टेबलावर वायफायशिवाय उत्तम चाललेला प्रयोग शेतात फसतो, तो बहुधा इथेच. पहिल्या गटातला ३४ क्रमांकाचा पिन घेतला की हा प्रश्न येत नाही.

बोर्ड ० ते ४०९५ मधला एक आकडा देतो. माती जितकी ओली, तितका तो लहान. हा उलटा क्रम लक्षात ठेवा, पुढे त्यावरच सगळे अवलंबून आहे. सेन्सर मुळांच्या खोलीवर रोवा आणि भोवती माती नीट दाबा, कारण पट्टीलगत राहिलेली हवेची पोकळी कोरडी माती म्हणूनच मोजली जाते. मग भरपूर पाणी द्या. एक-दोन दिवसांनी जादा पाणी निथळून वापसा आला, असे तुमच्या हाताला वाटले की आकडा टिपा. समजा तो १४८० आला. पुढे पाणी न देता थांबा आणि आता पाणी द्यायलाच हवे, असे वाटेल त्या दिवशी पुन्हा टिपा. समजा २६५०. हेच तुमच्या शेताचे १०० आणि ०.

```
int raw = analogRead(34);
int p = map(raw, 2650, 1480, 0, 100);
p = constrain(p, 0, 100);
```

आकडा २०६५ आला तर डॅशबोर्डवर ५० दिसेल, म्हणजे वापशापासून पाण्याच्या पाळीपर्यंतचे अर्धे अंतर सरले. ही मातीतल्या पाण्याची खरी टक्केवारी नाही. शेजारच्या शेतात रेती जास्त असेल, तर तिथे हे दोन आकडे नव्याने टिपायला हवेत. चिकण माती बरेच पाणी धरूनही त्यातले बरेचसे पिकाला देत नाही, रेताड माती थोडेच धरते पण त्यातले बरेचसे देऊन टाकते.

आता मला सर्वात जास्त काळजी वाटते ती गोष्ट. उंदराने सेन्सरची वीज पुरवणारी वायर कुरतडली. आकडा शून्याच्या आसपास आला. लहान आकडा म्हणजे ओली माती, त्यामुळे हिशेब २२६ टक्क्यांवर जातो आणि `constrain` तो गुपचूप १०० करते. पडद्यावर हिरवा रंग, शेतात माती तडकायला लागलेली. म्हणून टक्केवारीबरोबर `raw` सुद्धा पाठवा, आणि तो समजा १००० च्या खाली किंवा ३२०० च्या वर गेला, तर टक्केवारी न दाखवता 'सेन्सर तपासा' असे दाखवा. या मर्यादा आपल्या दोन आकड्यांपासून थोड्या दूर ठेवायच्या, कारण मुसळधार पावसानंतर आकडा वापशाच्याही खाली जातोच.

दुसरी फसवणूक वायफायची. पीक वाढले की ओल्या पानांच्या गर्दीत सिग्नल क्षीण होतो आणि बोर्डाचा संदेश पोहोचत नाही. साधा डॅशबोर्ड अशा वेळी शेवटचा आकडाच दाखवत राहतो, कालचे ६२ आजचे म्हणून. बोर्ड दर अर्ध्या तासाला जागा होऊन एक वाचन पाठवत असेल, तर दोन तास काहीच न आल्यावर आकडा करडा करावा आणि खाली 'शेवटचे वाचन सकाळी ६:३०' असे ठळक लिहावे. ही वेळ सर्व्हरने नोंदवावी, बोर्डाने नव्हे. झोपून उठणाऱ्या बोर्डाला खरी वेळ आपोआप कळत नाही. आणि अँटेना पिकाच्या शेंड्यावर येईल इतक्या उंच काठीवर बांधावा, पीक पूर्ण वाढल्यावरची उंची धरून.