आतड्याच्या कर्करोगाचा कौटुंबिक इतिहास (बेळगाव सीमाभाग)

मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुतेकांना उतारवयात आणि घराण्यात कुणाला नसतानाही होतो. काही कुटुंबांत मात्र तो पन्नाशीच्या आत, पिढ्यान्‌पिढ्या दिसतो. त्यामागचे सर्वांत नेहमीचे आनुवंशिक कारण म्हणजे लिंच सिंड्रोम. पेशी विभागताना डीएनएत होणाऱ्या चुका दुरुस्त करणाऱ्या जनुकांपैकी एकात (एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६ किंवा पीएमएस-२) जन्मजात बिघाड असतो. तो आईकडून किंवा वडिलांकडून येतो आणि प्रत्येक अपत्यात, मुलगा असो वा मुलगी, उतरण्याची शक्यता निम्मी असते. अशा कुटुंबात कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची तपासणी, कोणत्या वयात सुरू करायची हे वंशवृक्ष आणि जनुकीय चाचणी यांवर ठरते.

वंशवृक्ष काढताना नेमकी चूक कुठे होते, हे सीमाभागात स्पष्ट दिसते. खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या तालुक्यांतल्या मराठी घरांतील लेकी चंदगड, गडहिंग्लज, आजरा, कोल्हापूर इकडे दिलेल्या असतात. ‘घरात कुणाला कॅन्सर होता का?’ असे विचारले की पुरुषांची नावे सांगितली जातात. आत्या, तिची मुले आणि आजोळ राहून जाते. मृत्यूचा दाखला एका राज्यात कन्नडमध्ये, दुसऱ्यात मराठीत, आणि तपासणीचे कागद इंग्रजीत असतात. जुन्या माणसांच्या बाबतीत तर ‘पोटात गाठ झाली’ किंवा ‘मूळव्याधीचं रक्त जायचं’ एवढेच कळते. ‘पिशवी काढली’ या उत्तरापाशीही थांबू नये. लिंचमध्ये गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग आतड्याच्या कर्करोगाइतकाच महत्त्वाचा असतो. म्हणून पिशवी कोणत्या वयात काढली, पाळी थांबल्यावर रक्तस्राव होत होता का आणि काढलेली पिशवी तपासायला पाठवली होती का, हे तिन्ही प्रश्न विचारावे लागतात.

एक नमुना कुटुंब घेऊ. खानापूर तालुक्यातल्या ४४ वर्षांच्या शेतकऱ्याला उजव्या बाजूच्या आतड्याचा कर्करोग निघाला. थकवा आणि कमी हिमोग्लोबिन यांमुळे तो वर्षभर लोहाच्या गोळ्या घेत होता. उजवीकडची गाठ डोळ्यांना दिसेल असे रक्त क्वचितच देते, पण रक्तक्षय मात्र करते. त्याचे काका ५२व्या वर्षी आतड्याच्या कर्करोगाने गेले. चंदगडला दिलेल्या आत्याला ४७व्या वर्षी गर्भाशयाचा कर्करोग झाला होता. आजोबा तरुणपणीच अपघातात गेले. वडील ७० वर्षांचे आणि ठणठणीत आहेत. ‘एक पिढी सोडून रोग येतो’ असा समज अशाच घरांमुळे पसरतो. रोग पिढी सोडत नाही. वडिलांमध्ये बिघाड आहेच, फक्त त्यांना अजून कर्करोग झालेला नाही. लिंचचे कुटुंब ओळखण्याच्या जुन्या ॲमस्टरडॅम निकषांत तीन बाधित नातेवाईक लागत, त्यांतला एक उरलेल्या दोघांचा आईवडील, भावंड किंवा अपत्य असावा लागे, रोग दोन पिढ्यांत दिसावा लागे आणि किमान एक जण पन्नाशीच्या आतला असावा लागे. वडील निरोगी असल्यामुळे हे कुटुंब त्या चौकटीत बसत नाही, तरीही संशय पुरता रास्त आहे. म्हणूनच आता निकषांवर विसंबून न राहता प्रत्येक आतड्याच्या कर्करोगाची गाठच तपासावी, असे सांगितले जाते.

पहिली चाचणी रक्ताची नसते. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा मेणातला ब्लॉक पॅथॉलॉजी विभागात जपलेला असतो. त्यावर वरील चार जनुकांची प्रथिने रंगवून पाहतात, एखादे गायब असेल तर त्या जनुकावर संशय जातो. घरी कागदाचा अहवाल असतो, ब्लॉक नसतो. म्हणून अहवालावरचा नमुना क्रमांक घेऊन ब्लॉक मागवावा लागतो, आणि तो उशिरा मागवला तर सापडत नाही. एमएलएच-१ गायब असेल तर ते वयोमानाने, आनुवंशिक कारणाशिवायही घडते. त्यामुळे आणखी एक चाचणी करून मगच पुढे जातात. आपल्या शेतकऱ्याच्या गाठीत एमएसएच-२ आणि एमएसएच-६ दोन्ही नव्हती. ही जोडी आनुवंशिक कारणाकडे बोट दाखवते. मग त्याच्या रक्तात एमएसएच-२ जनुकातला रोगकारक बदल मिळाला.

जनुकीय समुपदेशनाचा सर्वांत महत्त्वाचा नियम हा की चाचणी आजारी माणसापासून सुरू करायची. निरोगी भावाची आधी केली आणि ती नकारार्थी आली, तर तो सुटला की कुटुंबातला बदल चाचणीला सापडलाच नाही, हे सांगता येत नाही. आजारी माणसात बदल एकदा सापडला की नातेवाइकांची फक्त त्या एका बदलासाठीची तपासणी पुरते आणि ती स्वस्त पडते. कधी अहवालात ‘अर्थ अनिश्चित असलेला बदल’ येतो. संदर्भसाठे मुख्यतः युरोपीय लोकांचे असल्याने भारतीयांत हे जास्त घडते. अशा बदलावरून नातेवाइकांची चाचणी करू नये आणि कुणाला ‘मोकळा’ही ठरवू नये.

आता वेळापत्रक. एमएलएच-१ किंवा एमएसएच-२मध्ये बिघाड असलेल्यांची कोलोनोस्कोपी २० ते २५ वर्षे वयात सुरू करून दर १ ते २ वर्षांनी करतात. उरलेल्या दोन जनुकांत साधारण ३० ते ३५पासून. शेतकऱ्याच्या ३८ वर्षांच्या भावात बदल निघाला, त्याची तपासणी लगेच हवी. २३ वर्षांच्या मुलीत निघाला, तीही आत्तापासून. ४१ वर्षांच्या बहिणीत नाही, म्हणून तिला सर्वसाधारण लोकांइतकाच धोका. १६ वर्षांच्या मुलाची चाचणी १८ पूर्ण होईपर्यंत थांबवतात. चंदगडची आतेभावंडे आणि काकांची मुले यांनाही कळवायला हवे. चाचणी झालीच नसती, तर भावाला साधा नियम लागू झाला असता: वय ४० किंवा नातेवाइकाच्या निदानाच्या १० वर्षे आधी, म्हणजे ३४, यांतले जे आधी ते, आणि पुढे दर ५ वर्षांनी. लिंचमध्ये हे अंतर घातक ठरते, कारण साध्या पॉलिपचा, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवणाऱ्या छोट्या गाठीचा, कर्करोग व्हायला सुमारे १० वर्षे लागतात, तर लिंचमधल्याचा १ ते ३ वर्षांत होऊ शकतो.

तपासणी फुकट जाते ती बहुधा पोट साफ नसल्यामुळे. लिंचमधले पॉलिप चपटे आणि उजवीकडे असतात, थोड्या मळाखालीही झाकले जातात. आधीचे दोन-तीन दिवस ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, पालेभाज्या, तीळ बंद ठेवून मऊ भात आणि वरणावर राहावे. आदल्या दिवशी वरणाचे गाळलेले पाणी, शहाळे, गाळलेले लिंबूपाणी चालते. कोकम सरबत नको, लाल रंग रक्तासारखा दिसतो. लोहाच्या गोळ्या ५ ते ७ दिवस आधी थांबवाव्यात, त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो. मधुमेहाची आणि रक्त पातळ करणारी औषधे डॉक्टरांना विचारूनच बदलावीत. पोट साफ करणाऱ्या औषधाचे पाणी अर्धे आदल्या संध्याकाळी आणि अर्धे तपासणीच्या ४ ते ६ तास आधी पितात. सगळे रात्रीच उरकले तर सकाळपर्यंत उजवे आतडे पुन्हा मळकट होते. शौच पिवळसर, पारदर्शक पाण्यासारखी झाली की तयारी झाली. अहवालात दुर्बीण सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत पोहोचल्याची नोंद आणि छायाचित्र पाहावे. फक्त डावी बाजू पाहणारी छोटी तपासणी इथे उपयोगाची नाही.

पॉलिपोसिसचे, म्हणजे आतड्यात पुष्कळ पॉलिप येण्याचे, आजार वेगळे. एपीसी जनुकाच्या आजारात आतड्यात शेकडो ते हजारो पॉलिप येतात. तपासणी १० ते १५ वर्षे वयातच सुरू होते, त्यामुळे मुलांची जनुकीय चाचणीही लवकर करतात. पॉलिप आवरेनासे झाले की आतडे काढावे लागते, नाहीतर कर्करोग जवळपास अटळ असतो. सुमारे पाव रुग्णांत आईवडिलांपैकी कुणालाच हा आजार नसतो.

दुसरा प्रकार म्यूटीवायएच जनुकाचा. त्यात आई आणि वडील दोघांकडून सदोष प्रत यावी लागते. आईवडील निरोगी आणि भावंडे आजारी, पॉलिप बहुधा दहा ते शंभर, असे चित्र दिसते. सीमाभागात मामाच्या मुलीशी लग्न होते, काही समाजांत मामा-भाचीचेही. नवराबायको रक्ताचे असले की एकच सदोष प्रत दोघांत असण्याची शक्यता वाढते. म्हणून वंशवृक्षात अशी लग्ने दुहेरी रेघेने दाखवतात. अशा दांपत्याच्या एका अपत्यात हा आजार निघाला, तर प्रत्येक सख्ख्या भावंडात तो असण्याची शक्यता चारांत एक असते, आणि ज्यांच्यात निघेल त्यांची कोलोनोस्कोपी २५ ते ३० वर्षे वयापासून दर १ ते २ वर्षांनी करावी लागते.